सामायिक डक्टमधून एक केबल: सोसायटीला लिहायचा अर्ज

लिफ्टशेजारच्या भिंतीत प्रत्येक मजल्यावर दोन-तीन अरुंद दारे असतात. एका दारामागे मीटर रूममधून वर चढणाऱ्या विजेच्या जाड केबल असतात. दुसऱ्यामागे इंटरकॉम, टीव्ही आणि इंटरनेटच्या बारीक वायरींचा गुंता असतो, तर तिसऱ्यामागे आग विझवण्यासाठीचा लाल रंगाचा उभा पाइप. इमारतीच्या मागच्या बाजूला, बाथरूमच्या खिडक्यांखाली, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांसाठी आणखी एक पोकळी सोडलेली असते. या सगळ्यांना आपण सरसकट ‘डक्ट’ म्हणतो, आणि परवानगीच्या अर्जातली पहिली अडचण तिथेच सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली सात मजली इमारत आहे. मुलगा आणि सून सहाव्या मजल्यावर ६०३ मध्ये राहतात, आईवडील दुसऱ्या मजल्यावर २०३ मध्ये. दोन्ही सदनिका कुटुंबाच्याच मालकीच्या आहेत. दोन्ही घरांचे नेटवर्क एक असावे, वडिलांच्या दारावरचा कॅमेरा मुलाला आपल्या घरात दिसावा, फोटो आणि कागदपत्रे एकाच ठिकाणी साठवता यावीत, एवढीच गरज आहे. मध्ये काँक्रीटचे चार स्लॅब असल्याने वायफाय पोहोचत नाही. म्हणून केबल हवी. मुलगा सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर लिहितो: “काका, सहाव्यावरून दुसऱ्यावर डक्टमधून इंटरनेटची वायर टाकायची आहे. प्लीज परवानगी द्या.”

सेक्रेटरी चार दिवस उत्तर देत नाहीत आणि मग “कमिटीसमोर ठेवतो” म्हणतात. कमिटीत कोणीतरी म्हणते की उद्या सगळेच मागतील, आणि विषय तिथेच संपतो. यात सेक्रेटरींचा अडेलपणा नसतो. कोणता डक्ट, कोणती वायर, स्लॅबमधली भोके कोण बुजवणार, पुढे काही बिघडले तर कोणाला धरायचे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या निरोपात नाही. होकार दिला तर त्याची जबाबदारी मात्र कमिटीच्या माथी येते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत सादर करावे लागते. ते काम कमिटीच करते. डक्टमध्ये कोणी काय घातले याचा जाब विचारला जातो तेव्हा उत्तर त्यांना द्यावे लागते.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी डक्ट पाहून घ्यावा. सेक्रेटरींकडून चावी मागायची, वॉचमन किंवा सोसायटीचा वायरमन सोबत घ्यायचा, आणि आपल्या मजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत प्रत्येक दार उघडून टॉर्चने नुसते बघायचे. विजेच्या डक्टमध्ये हात घालू नये. तिथे उघडे जोड असू शकतात. प्रत्येक मजल्यावर दोन गोष्टी टिपायच्या: वायरी कशाला बांधल्या आहेत आणि खालचा स्लॅब बंद आहे की उघडा. दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढायचे. अर्ध्या तासाच्या या पाहणीत अर्जातला निम्मा मजकूर हाती येतो.

आता डक्टची निवड. विजेचा डक्ट सर्वांत सरळ आणि मोकळा असतो, त्यामुळे मोह तिथेच होतो. पण राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागात याविषयी स्पष्ट अट आहे: विजेच्या केबलसाठी वेगळा डक्ट असावा आणि त्यात पाण्याचे नळ, टेलिफोन, इंटरकॉम, गॅस किंवा दुसऱ्या कोणत्याही सेवेची वाहिनी टाकू नये. आपली केबल वीज वाहून नेत नाही, हे खरे असले तरी अटीतून सूट मिळत नाही. एकदा तिथे एक बाहेरची वायर शिरली की ती दुरुस्त करायला विजेचे काम न जाणणारा माणूस ते दार उघडणार, ही मुख्य अडचण. त्यामुळे विजेच्या डक्टची परवानगी मागूच नये आणि मागणार नाही हे अर्जात लिहावे. अग्निशमनाच्या पाइपचा डक्टही वर्ज्यच. तिथल्या झडपा आणि होज आणीबाणीत क्षणात हाताशी यायला हवीत.

उरतो तो दूरध्वनी-टीव्हीचा, म्हणजे कमी दाबाच्या वायरींचा डक्ट. नव्या इमारतींत तो असतोच. जुन्या चार मजली इमारतीत तो नसेल तर भिंतीत पुरलेला लँडलाइनचा पाइप शोधावा. लँडलाइन गेल्यापासून त्यात मेलेली तार पडून असते, आणि तीच तार नवी केबल ओढून घ्यायला उपयोगी पडते. तेही नसेल तर बाहेरच्या भिंतीवरून पाइपात बंदिस्त केबल न्यावी. त्यासाठी उन्हात न तडकणारे, काळ्या आवरणाचे वाण घ्यावे लागते. नळांच्या डक्टचा विचार मी शेवटी करेन. पुढे सुचवलेल्या काचतंतूच्या केबलला ओलीचे वावडे नाही, पण तिथे उंदीर असतात आणि गळती काढताना प्लंबरची हातोडी कुठेही बसते.

दुसरा प्रश्न केबलचा. बहुतेक जण न विचारता कॅट ६ ची निळी किंवा राखाडी तांब्याची केबल आणतात. अंतराच्या दृष्टीने ती चालते, कारण तांब्यावरच्या इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहे आणि आपले काम ३० मीटरचे. तरी दोन मजल्यांना जोडायला मी तांबे निवडणार नाही. सहावा आणि दुसरा मजला वेगवेगळ्या फेजवर असू शकतात, त्यांची अर्थिंगची तार वेगळ्या वाटेने खाली जात असू शकते, आणि वीज पडल्यावर किंवा अर्थिंग सैल झाल्यावर दोन घरांच्या अर्थमध्ये दाबाचा फरक पडू शकतो. धातूचे वेष्टण असलेली केबल दोन्ही टोकांना जमिनीशी जोडली गेली, तर तो फरक भरून काढणारा प्रवाह तिच्यातून वाहू लागतो. साध्या कॅट ६ मध्ये उपकरणांच्या आत छोटे रोहित्र असते आणि ते रोजच्या वापरात पुरेसे रक्षण करते, पण विजेच्या लाटेपुढे त्याचीही सीमा असते. एका घरात आलेली लाट दुसऱ्या घरातला राउटर आणि टीव्ही घेऊन जाते.

काचतंतूच्या केबलमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिच्यातून फक्त प्रकाश जातो. मात्र खरेदी करताना एक गोष्ट पाहावी लागते. केबलवाले खांबावरून घरापर्यंत जी चपटी काळी केबल आणतात, तिच्या कडेला पोलादाची तार असते; अंतर झुलत पार करण्यासाठी ती हवी असते. इमारतीच्या आत तिची गरज नाही आणि ती असली तर धातू परत आत आला. आपल्याला हवी ती साधारण २ बाय ३ मिलिमीटरची, बळकटीसाठी आत फायबरग्लासच्या काड्या असलेली, एका तंतूची केबल. आवरण कमी धुराचे आणि हॅलोजनविरहित असावे. दुकानात त्याला ‘एलएसझेडएच’ म्हणतात आणि ते अक्षरांत केबलवर छापलेले असते. साधे पीव्हीसी जळते तेव्हा दाट काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो ओलाव्याशी मिळून आम्ल होतो. जिन्यातून खाली पळणाऱ्या माणसाला तो श्वासातून मिळतो. तंतू ‘जी.६५७.ए२’ प्रकारचा असला तर तो साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सोसतो, आणि डक्टच्या कोपऱ्यांत हे फार कामाला येते.

लांबीचा हिशोब असा. सहाव्यापासून दुसऱ्यापर्यंत चार मजले, प्रत्येकी सुमारे ३ मीटर, म्हणजे १२ मीटर. ६०३ मध्ये डक्टपासून राउटरपर्यंत ८ मीटर, २०३ मध्ये ६ मीटर. दोन्ही टोकांना २-२ मीटर गुंडाळी ठेवली की एकूण ३० मीटर. उभ्या भागातल्या केबलचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून डक्टमधल्या ट्रेवर भार पडण्याचा प्रश्न येत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची खोकी लागतात. ती प्रकाशाचे रूपांतर तांब्याच्या संदेशात करतात. एकाच तंतूवर दोन्ही दिशांनी बोलणारी जोडी ‘ए’ आणि ‘बी’ अशी येते. दोन्ही ‘ए’ घेतली तर दिवा लागत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे: स्लॅबमधल्या भोकांचा. उभा डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद नसेल तर तो धुराड्यासारखा वागतो. दुसऱ्या मजल्यावर वायर पेटली तर गरम धूर थेट सातव्यापर्यंत चढतो, आणि त्या मजल्यावरची माणसे जळण्याआधी गुदमरतात. म्हणून संहिता सांगते की डक्ट प्रत्येक मजल्यावर, डक्टच्या भिंतीइतका वेळ आग सोसणाऱ्या अज्वलनशील पदार्थाने बंद करावा. प्रत्यक्षात इंटरनेटवाला येतो, हातोडीने ती बंद केलेली जागा फोडतो, केबल सोडतो आणि निघून जातो. कधी पिवळा फोम मारतो. बांधकामात दाराच्या चौकटीभोवती मारतात तो साधा पॉलियुरेथेन फोम स्वतःच पेटतो. तो भोक बंद दिसण्यासाठी चालतो, आगीसाठी चालत नाही. आपल्या वाटेवरचे स्लॅब चार आहेत: सहाव्या, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याचे. प्रत्येक ठिकाणी आधीच असलेल्या फटीतून केबल न्यायची, भोवती खनिज लोकर ठासायची आणि वरून उष्णतेने फुगणारा आगरोधक सीलंट भरायचा. नवे भोक पाडायचे नाही. पीव्हीसी पाइपमधून केबल न्यायची ठरली तर पाइप आगीत वितळून स्वतःएवढे भोक मागे ठेवतो, हे लक्षात ठेवून स्लॅबच्या जागी लोखंडी पाइपाचा तुकडा वापरावा आणि त्याची तोंडेही आतून बंद करावीत.

हे सगळे ठरल्यावर अर्ज लिहायला फार वेळ लागत नाही. आपल्या उदाहरणात तो असा होईल:

“मा. सचिव,
व्यवस्थापक समिती.

विषय: सदनिका ६०३ ते २०३ काचतंतू केबल टाकण्यास परवानगी मिळणेबाबत.

सप्रेम नमस्कार.

सदनिका ६०३ आणि २०३ या आमच्या कुटुंबाच्या आहेत. दोन्ही घरांचे नेटवर्क जोडण्यासाठी मला एक बारीक केबल टाकायची आहे. इतर कोणालाही यातून जोडणी दिली जाणार नाही.

केबल लिफ्टच्या उजव्या बाजूच्या टेलिफोन-टीव्ही डक्टमधून, सहाव्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. विजेच्या किंवा अग्निशमनाच्या डक्टमध्ये काहीही टाकले जाणार नाही. डक्टपासून घरापर्यंत इंटरकॉमचा सध्याचा पाइप वापरू, त्यामुळे कॉरिडॉरच्या भिंतीला भोक पडणार नाही.

केबल ३ मिलिमीटर रुंद असून तिच्यात धातू नाही आणि वीज वाहत नाही. तिचे आवरण कमी धुराचे, हॅलोजनविरहित आहे. नमुना सोबत देत आहे.

केबल सध्याच्या ट्रेला प्रत्येक मजल्यावर बांधली जाईल. चारही स्लॅबमधल्या फटी आगरोधक सीलंटने बंद करू. पाहणीत चौथ्या मजल्याची फट आधीपासून उघडी दिसली (फोटो सोबत). तीही आमच्या खर्चाने बंद करून देऊ. दोन्ही टोकांना आणि प्रत्येक मजल्यावर ‘६०३–२०३’ अशी पट्टी लावू.

काम कामाच्या दिवशी सकाळी ११ ते १ या वेळात, सोसायटीचा वायरमन हजर असताना होईल. सर्व खर्च माझा राहील. कामात नुकसान झाल्यास मी भरून देईन. सोसायटीला डक्टचे काम करायचे असेल तेव्हा, किंवा आम्ही सदनिका सोडल्यास, १५ दिवसांत केबल स्वखर्चाने काढून घेईन.

समितीच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. गरज वाटल्यास मी सभेत येऊन माहिती देईन.

आपला,
सदनिका ६०३”

चौथ्या मजल्याच्या उघड्या फटीचे वाक्य मुद्दाम घातले आहे. पाहणीत असे काही जवळजवळ नेहमी सापडते. सदस्याच्या कामातून सोसायटीचे एक राहिलेले काम होणार असेल तर कमिटीला होकार देणे सोपे जाते, आणि ती फट खरोखरच बंद व्हायला हवी असते. नमुना म्हणून हातभर केबल जोडावी. सभेत ती हातोहात फिरली की ‘वायर’ या शब्दाने डोळ्यांपुढे उभे राहिलेले जाड काळे वेटोळे गळून पडते.

“उद्या सगळेच मागतील” हा आक्षेप खरा आहे, त्याला उडवून लावू नये. एका डक्टमध्ये चाळीस घरांच्या चाळीस सुट्या केबल झाल्या की दार बंद होत नाही आणि मेलेली कोणती, जिवंत कोणती ते कळत नाही. त्यावर उत्तर आहे: कमिटीने हाच अर्ज नमुना म्हणून ठेवावा, पट्टी आणि काढून घेण्याची अट सगळ्यांना लावावी. पट्टी नसलेली केबल मेलेली समजून काढली जाईल, असे सोसायटीने एकदा जाहीर केले तर निम्मा गुंता आपोआप सुटतो.

एक गोष्ट अर्जाआधी स्वतःशी तपासावी. आपल्या इंटरनेट कंपनीच्या अटींत जोडणी एकाच पत्त्यावर वापरायची असेल, तर दुसऱ्या सदनिकेसाठी कंपनीला विचारावे किंवा तिथे वेगळी जोडणी घ्यावी. कॅमेरा आणि फायलींसाठीची केबल तरीही उपयोगाची राहते.

भाडेकरूने सोसायटीला थेट लिहू नये. तो सोसायटीचा सदस्य नसतो, त्यामुळे त्याच्या अर्जावर कमिटी काही ठरवू शकत नाही. त्याने हाच मजकूर घरमालकांना पाठवावा. सदनिका सोडताना केबल आणि कन्व्हर्टर कोण काढणार, ते त्यात जोडावे, आणि मालकांनी तो आपल्या सहीने पुढे द्यावा. मालक परगावी असतील तर त्यांचा ईमेल पुरतो, मात्र त्यात ‘परवानगी आहे’ एवढेच न लिहिता सोसायटीकडे अर्ज करण्यास संमती असल्याचे लिहिलेले असावे.

अर्ज हाती द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. व्हॉट्सॲपवर निरोप द्यायचा असेल तर तो फक्त “काका, अर्ज ऑफिसमध्ये दिला आहे, पुढच्या मीटिंगला घ्याल का?” एवढाच असावा, आणि तो सेक्रेटरींना एकट्याला, सोसायटीच्या ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर पडलेला विषय केबलचा राहत नाही, पार्किंगपर्यंत जातो. जिन्यात भेटल्यावर मिळालेल्या “टाका हो, काही हरकत नाही” वरही काम सुरू करू नये. कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. नवी कमिटी आली की जिन्यातल्या होकाराचा साक्षीदार उरत नाही. सभेच्या इतिवृत्तात झालेली नोंद मात्र राहते. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. कारण डक्टविषयी असेल तर बाहेरच्या भिंतीची वाट सुचवून सुधारित अर्ज द्यावा. इतक्या छोट्या कामासाठी तक्रारी आणि नोटिसा यांचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

परवानगी मिळाल्यावर केबल वरून खाली सोडावी. खालून वर ओढण्यापेक्षा ताण कमी येतो. टोकांना कनेक्टर बसवताना तंतूचे केसाएवढे तुकडे पडतात. ते त्वचेत घुसतात आणि दिसत नाहीत, म्हणून कॉरिडॉरमध्ये हे काम करू नये, आणि तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून डबीत टाकावेत. कन्व्हर्टर चालू असताना तंतूच्या टोकात डोकावू नये, कारण तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण असतो. कन्व्हर्टरवरचा जोडणीचा दिवा लागला नाही तर आधी कनेक्टरचे तोंड पुसावे, मग ‘ए’ आणि ‘बी’ तपासावे. तरीही लागला नाही तर लाल प्रकाशाचा तपासणी पेन एका टोकाला लावून डक्टची दारे एकेक उघडावीत. ज्या मजल्यावर केबलमधून लाल उजेड झिरपताना दिसतो, तिथे ती चिमटली किंवा तुटली आहे. बहुधा ती जागा टायने करकचून आवळलेली असते. टाय सैल केला की दिवा लागतो.

शेवटी चारही स्लॅबच्या बंद केलेल्या फटींचे फोटो, सीलंटच्या डब्याचा फोटो आणि केबलचा मार्ग दाखवणारे हाताने काढलेले रेखाचित्र सेक्रेटरींना द्यावे, आणि ते सोसायटीच्या अग्निसुरक्षेच्या फाइलमध्ये लावून घ्यावे. जानेवारी किंवा जुलैच्या तपासणीला आलेला माणूस डक्ट उघडून “ही कोणाची?” असे विचारेल, तेव्हा सेक्रेटरींना ती फाइल उघडून दाखवता येईल.